जाड स्टील प्लेट तापवणं: बायो नंबर, फोरियर नंबर आणि हाइस्लर चार्ट

भट्टीत जाड स्टीलची प्लेट टाकली की वरचा भाग आधी तापतो, मधला भाग मागून येतो. बाहेरून प्लेट लाल दिसायला लागली तरी आत काय चाललंय ते दिसत नाही, आणि हीट ट्रीटमेंटवाल्याला नेमकं तेच हवं असतं, की मधोमध ठरलेलं टेम्परेचर कधी येणार. याचं उत्तर हाताने काढायची जुनी पद्धत म्हणजे हाइस्लर चार्ट, जे एम. पी. हाइस्लर यांनी १९४७ साली छापले. त्याआधी १९२३ मध्ये गर्नी आणि लुरी यांचे असेच चार्ट आले होते, पण कॉलेजात नाव राहिलं ते हाइस्लरचंच.

मुळात हा प्रश्न सोडवताना जाडी, वेळ t, स्टीलची उष्णतावहनक्षमता k, घनता ρ, विशिष्ट उष्णता c, पृष्ठभागाचा h म्हणजे भट्टीतून पृष्ठभागावर उष्णता किती सहज येते ते, सुरुवातीचं टेम्परेचर Ti, भट्टीचं टेम्परेचर T∞ अशा ढीगभर गोष्टी येतात आणि प्रत्येकाचा वेगळा ग्राफ काढायचा म्हटलं तर वही पुरणार नाही. म्हणून त्या सगळ्या दोन एककरहित नंबरांत गुंडाळल्या जातात, आणि टेम्परेचरचंही एक गुणोत्तर करून टाकतात:

```
Bi = h L / k
Fo = α t / L²        α = k / (ρ c)
θ  = (T − T∞) / (Ti − T∞)
```

बायो नंबर (कॉलेजात सगळे बायोट म्हणतात) सांगतो की उष्णतेला अडथळा जास्त कुठे आहे, प्लेटच्या आत की पृष्ठभागावर. तो ०.१ पेक्षा कमी असेल तर आतबाहेर टेम्परेचर जवळपास सारखंच धरून साधं घातांकी सूत्र चालतं, चार्टची गरजच नाही. फोरियर नंबर म्हणजे एक प्रकारचं घड्याळ, पण सेकंदात नाही तर प्लेटच्या जाडीच्या हिशोबात चालणारं. जाडी दुप्पट झाली की तेवढ्याच Fo ला पोचायला वेळ चौपट. θ म्हणजे भट्टी गाठायला अजून किती अंतर उरलंय ते, सुरुवातीला १ आणि शेवटी ०.

आता एक उदाहरण पूर्ण करू. २०० मिमी जाडीची कार्बन स्टीलची प्लेट, लांबीरुंदी दोन-तीन मीटर, म्हणजे कडांचा परिणाम मधल्या भागापर्यंत पोचत नाही आणि उष्णता फक्त जाडीच्या दिशेने जाते असं धरता येतं. सुरुवातीला ३०°से, भट्टीत ८००°से, दोन्ही बाजू उघड्या. सरासरी k = ४० वॅट प्रति मीटर केल्विन, घनता ७८५०, विशिष्ट उष्णता ६००, त्यावरून α साधारण ८.५ × १०⁻⁶ चौ.मी. प्रति सेकंद. h = १०० वॅट प्रति चौ.मी. केल्विन घेतला. मधोमध ६००°से कधी येईल?

दोन्ही बाजूंनी तापतंय म्हणून L म्हणजे अर्धी जाडी, ०.१ मीटर. Bi = १०० × ०.१ / ४० = ०.२५, म्हणजे ०.१ च्या वर, साधं सूत्र बाद. θ = (६०० − ८००) / (३० − ८००) = ०.२६. वरखाली दोन्ही ऋण येतं त्यामुळे उत्तर धनच येतं, तुमचं ऋण आलं तर कुठेतरी टेम्परेचरची अदलाबदल झालीय. आता चार्टवर उभ्या लॉग अक्षावर ०.२६ शोधायचं, आडवं सरकत ४ च्या रेषेला भिडायचं (चार्टवर रेषांना Bi नाही तर १/Bi लिहिलेलं असतं, इथे हमखास गडबड होते) आणि खाली उतरायचं. Fo सुमारे ६ येतो. आडव्या अक्षाची मापपट्टी मध्येच बदलते, ते बघूनच वाचायचं. मग t = ६ × ०.०१ / α, म्हणजे ११८ मिनिटं, दोन तासाला दोन कमी.

दुसरा चार्ट त्याच क्षणी पृष्ठभागाचं सांगतो. इथे पृष्ठभागाचा θ हा मधल्या θ च्या ०.८९ पट येतो, म्हणजे पृष्ठभाग ६२३°से. आतबाहेर फरक फक्त २३ अंशांचा. मग वाटतं की साधं सूत्रच वापरलं असतं तर काय बिघडलं असतं? ते १०६ मिनिटं सांगतं, आणि १०६ मिनिटांनी प्लेट काढली तर मधोमध खरं टेम्परेचर ५६९°से च्या आसपास असेल. ६०० ला टेम्परिंग करायचं असेल तर ३१ अंशांची ही तूट साधी नाही.

सगळ्यात महाग चूक L ची. हीच प्लेट भट्टीच्या तळावर सपाट टेकवून ठेवली, खालून उष्णता येतच नाही, तर L पूर्ण जाडी म्हणजे ०.२ मीटर होतो आणि चार्टचं ‘केंद्र’ म्हणजे प्लेटचा खालचा पृष्ठभाग. Bi ०.५ होतो, Fo साधारण ३.३ येतो, आणि वेळ थेट २६० मिनिटं. कुणी सवयीने अर्धी जाडी घेऊन ११८ मिनिटांनी भट्टी उघडली तर खालची बाजू जेमतेम ३६६°से ला असेल, आणि वरून बघून काही कळणार नाही. म्हणून प्लेटखाली ठोकळे ठेवून हवा फिरू देतात. दुसरी नेहमीची चूक, Bi मध्ये हवेचा k टाकणं; तसं केलं की नंबर शंभराच्या वर जातो, k घन पदार्थाचाच हवा.

मर्यादाही आहेत. चार्ट अनंत श्रेणीतल्या फक्त पहिल्या पदावर काढलेत, त्यामुळे Fo ०.२ च्या वर असेल तरच चालतात. आपल्या प्लेटला हे पहिल्या चार मिनिटांतच पार होतं, म्हणून चिंता नाही. दुसरं, k आणि c स्थिर धरलेत, पण स्टीलचा k तापताना कमी होत जातो आणि विशिष्ट उष्णतेला ७५० अंशांच्या आसपास मोठा उंचवटा येतो, त्यामुळे ६०० पर्यंत सरासरी घेऊन जमतं, ७०० च्या पुढे हा हिशोब भरवशाचा नाही.

पण खरा कच्चा दुवा h. लोक चार्ट डोळ्याने वाचण्यातल्या चुकीला घाबरतात, पण Fo ५.८ वाचला काय नि ६.२ वाचला काय, फरक चारेक मिनिटांचा. h मात्र १०० ऐवजी ८० असला तर वेळ ११८ वरून १४४ मिनिटांवर जातो. त्यात ८००°से च्या भट्टीत बरीचशी उष्णता हवेने नाही, किरणोत्सर्गाने येते, आणि त्याचा वाटा उत्सर्जकता ०.८ धरून काढला तर थंड प्लेटला साधारण ८० नि प्लेट ६०० ला पोचली की १७० च्या घरात जातो. म्हणजे आपला १०० हा आकडा एक सोयीची तडजोड आहे, आणि तो तपासायचा तर प्लेटला मधोमध भोक पाडून थर्मोकपल घालायचा.

त्याचं वाचन बघायची सोपी युक्ती अशी. सुरुवातीची काही मिनिटं सोडली की भट्टी आणि केंद्र यांच्यातलं अंतर ठरावीक वेळाने निम्मं होत जातं, आपल्या उदाहरणात दर ५९ मिनिटांनी, आणि ६०० ला पोचायला अशा दोन फेऱ्या लागतात. थर्मोकपल निम्मं व्हायला ७३ मिनिटं दाखवत असेल तर त्या भट्टीचा h ८० आहे. पुढच्या फेऱ्यांत ही वेळ कमी कमी होत गेली तर किरणोत्सर्ग वाढतोय, आणि मग एकच h धरणारा चार्ट सोडून टप्प्याटप्प्याने आकडेमोड करावी लागते.