फोटोत लांबी दिसत नाही, प्रमाण दिसतं

शेजारच्या काकूंनी परवा एका अवजाराचा फोटो पाठवला. खाली विचारलं होतं, "ही सिकेटरच ना रे? जास्वंद छाटायची आहे, घेऊ का?" पांढऱ्या पार्श्वभूमीवर लाल मुठींचं, बाकदार पात्याचं अवजार होतं. पातं हुबेहूब सिकेटरचं, म्हणजे एका हाताने चालवायच्या छाटणीच्या कात्रीचं, पण ते अवजार होतं लॉपर. काकूंनी तो मागवला असता, तर पाऊण मीटर लांबीचं, दोन्ही हातांनी चालवायचं अवजार घरी आलं असतं आणि जास्वंदीच्या बारीक फुटीला ते अवजड पडलं असतं.

दुकानाच्या फोटोत हे होणारच, कारण वस्तू केवढीही असो, ती फोटोची चौकट भरेल अशीच दाखवतात. 20 सेंटीमीटरची सिकेटर आणि 70 सेंटीमीटरचा लॉपर मोबाइलच्या पडद्यावर सारखेच मोठे दिसतात. फोटो लहान-मोठा केला तरी एक गोष्ट मात्र बदलत नाही. दोन पाती जिथे एकमेकांना जोडलेली असतात त्या खिळीपासून मुठीचं टोक किती लांब आहे आणि पात्याचं टोक किती लांब आहे, यांचं प्रमाण कायम राहतं. पडद्यावर पट्टी ठेवून ते मोजता येतं.

माझ्याकडची अवजारं मी मोजून पाहिली. सिकेटरची मूठ खिळीपासून 14 सेंटीमीटर आणि पातं 6, म्हणजे मूठ पात्याच्या सव्वादोन पट. लॉपरचे दांडे 62 आणि पातं 8, म्हणजे जवळजवळ आठ पट. कुंपणाची मोठी कात्री, जिला माळी नुसती 'हेज कात्री' म्हणतात, तिचे दांडे 30 आणि पाती 25. तिथे दोन्ही बाजू जवळपास सारख्याच. कंपनीगणिक आकडे थोडे हलतील, पण एक, दोन आणि आठ यांत गल्लत व्हायची शक्यता फार कमी. काकूंच्या फोटोतलं प्रमाण सातच्या वर निघालं.

हे प्रमाण नुसती ओळख पटवून थांबत नाही. कोणतं अवजार किती जाड फांदी कापेल, हेही त्यातूनच कळतं, कारण तिन्ही अवजारं म्हणजे तरफा आहेत. सिकेटरमध्ये हाताचा दाब खिळीपासून साधारण 11 सेंटीमीटरवर पडतो आणि फांदी अडीच सेंटीमीटरवर असते, म्हणून जोर सुमारे साडेचार पट होतो. लॉपरमध्ये हात 60 वर आणि फांदी 4 वर, म्हणजे पंधरा पट, शिवाय एका पंजाऐवजी दोन्ही दंडांची ताकद. फांदीची जाडी मात्र फसवी असते. 1 सेंटीमीटरची फांदी 3 सेंटीमीटरची झाली, की कापायचं लाकूड तिप्पट नाही, नऊपट होतं. त्यामुळे ओल्या फांदीला सिकेटर दीड, फार तर दोन सेंटीमीटरपर्यंतच वापरावी. नाशिक-सांगलीकडे द्राक्षाच्या ऑक्टोबर छाटणीत कामगार दिवसभर सिकेटर चालवतात ते पेन्सिलीएवढ्या काड्यांवर, आणि तिथे ती शोभते. लॉपर साडेतीन सेंटीमीटरपर्यंत बिनघोर चालतो, चांगल्या बनावटीचा थोडा पुढेही जातो.

हेज कात्रीचं गणित उलटं आहे. पाती लांब असल्याने पात्याच्या मध्यावर जोर जेमतेम दुप्पट होतो आणि टोकाशी तर जवळपास वाढतच नाही. ती मेंदी किंवा ड्युरांटाच्या कुंपणाची कोवळी फूट एका झपाट्यात सपाट करण्यासाठी आहे. अर्ध्या सेंटीमीटरहून जाड काडी आली की पाती एकमेकांपासून फाकतात आणि काडी मध्येच दुमडते. काही कात्र्यांच्या पात्यावर खिळीजवळ एक लहान खाच असते. अधूनमधून येणारी जाड काडी तिथे धरायची, कारण त्या जागी जोर आठेक पट मिळतो. फोटोत लांब, सरळ पात्यावर ही खाच दिसली तर अवजार बहुधा हेज कात्रीच.

पट्टी लावायची नसेल तर आणखी खुणा आहेत. सिकेटरच्या मुठींमध्ये स्प्रिंग असते, कारण एका हाताने दाबल्यावर ती आपोआप उघडायला हवी. मुठी मिटवून ठेवायला लहानशी कडीही असते. लॉपरला बहुधा स्प्रिंग नसते, खिळीच्या खाली रबरी ठोकळे असतात. फांदी तुटताच दांडे एकमेकांवर आदळतात, तो धक्का ते झेलतात. दोन ठिकाणी मात्र सावध राहावं. दांडे लांब होणारा लॉपर मिटलेल्या स्थितीत दाखवला असेल, तर प्रमाण कमी भरतं. आणि द्राक्षमणी विरळायच्या कात्रीलाही स्प्रिंग असते, म्हणून ती सिकेटर वाटते. पण तिची दोन्ही पाती सरळ, निमुळती आणि अगदी बारीक असतात. ती देठांसाठी आहे, फांदीसाठी नाही.

सिकेटर किंवा लॉपर निवडताना पात्यांची जोडीही बघावी. एक पातं बाकदार, धारेचं आणि समोर जाड, बिनधारेची आकडी असेल, तर ती एकमेकांना घासून जातात आणि ओल्या फांदीवर स्वच्छ काप देतात. सरळ पातं सपाट पट्टीवर जाऊन टेकत असेल, तर ओली साल चेंगरते. तो प्रकार वाळक्या फांद्यांसाठी ठेवावा.

करवत तरफ नाही, म्हणून तिला जाडीचा हिशेबही वेगळा. तिचा दात एका वेळी थोडेच तंतू कापतो. फांदी जाड असली की जोर फारसा वाढत नाही, वेळ वाढतो. फोटोत छाटणीची करवत आणि सुताराची करवत वेगळी ओळखायची तर दात बघायचे. छाटणीच्या करवतीचं पातं बहुधा किंचित वाकडं असतं आणि दात मुठीकडे झुकलेले असतात, कारण ती ओढताना कापते. ओढताना पातं ताणलेलं राहतं, वाकत नाही, म्हणून ते पातळ ठेवता येतं. दातांमधल्या खाचाही मोठ्या असतात. सुताराच्या बारीक दातांत ओला भुसा चिकटून बसतो.

काकूंच्या जास्वंदीकडे मी दोरा घेऊन गेलो. दोरा फांदीभोवती गुंडाळायचा आणि घेराला तीनने भागायचं, जाडीचा अंदाज येतो. यंदाची फूट पाऊण सेंटीमीटर, तिला सिकेटर. मधल्या दोन फांद्यांचा घेर 8, म्हणजे जाडी अडीच सेंटीमीटरच्या आसपास. काकूंनी आधी जुन्या सिकेटरने त्यांतली एक कापायचा प्रयत्न केला होता. फांदी अर्ध्यात अडकली, काकूंनी मूठ पिळली आणि सालीची लांब पट्टी खाली सोलली गेली. पिळल्यामुळे पात्यांमध्ये फटही पडली होती. वर्तमानपत्राचा कागद कापून पाहिला, तर तो कापला न जाता पात्यांमध्ये दुमडला. खिळीचा नट थोडा आवळल्यावर कागद सरळ कापला गेला. त्या दोन्ही फांद्या लॉपरने कापल्या, धारेचं पातं झाडावर राहणाऱ्या भागाकडे ठेवून, म्हणजे आकडीचा चेंगरलेला भाग गळणाऱ्या तुकड्यावर गेला.

भिंतीवर घासणारी आडवी फांदी मात्र घेराने 16 भरली, म्हणजे 5 सेंटीमीटर. तिथे करवत. बुंध्यापासून वीतभर अंतरावर आधी खालून एक तृतीयांश कापलं, मग त्याच्या थोडं पुढे वरून. फांदी तिच्याच वजनाने तुटून पडली आणि खालच्या कापामुळे साल बुंध्यापर्यंत सोलली गेली नाही. उरलेलं खुंट बुंध्याजवळच्या फुगीर वळीच्या अगदी बाहेरून कापलं. ती वळी शाबूत ठेवली, कारण जखम झाकणारी नवी साल तिथूनच येते.