रोजचं अपडेट

दिवसभरात काय झालं, कुठं अडलं आणि उद्या काय करणार हे वरच्या साहेबाला चार-पाच ओळीत कळवणं म्हणजे रोजचं अपडेट. सॉफ्टवेअरवाल्यांच्या स्क्रम पद्धतीत रोज १५ मिनिटांची मीटिंग असते, त्यात काल काय केलं, आज काय करणार, अडचण काय असे तीन प्रश्न विचारायची चाल पडली, २०२० च्या स्क्रम गाईडमधून ते प्रश्न काढून टाकले पण सवय काही गेली नाही. आपल्याकडं हेच काम संध्याकाळी व्हॉट्सॲपवर होते.

उदाहरण घ्या. दारव्हा तालुक्यात एक पोरगा मातीचे नमुने गोळा करून राहिला, १० दिवसात १२० नमुने, म्हणजे रोजचे १२. साहेब नागपूरला, त्यांच्याकडं असे १४ जण. चौथ्या दिवशी त्यानं लिहिलं, "सर काम चालू आहे, पाऊस आला, थोडी अडचण आहे, उद्या करतो." आता यातून साहेबानं काय समजावं? रात्री फोन आलाच. अपडेट वाचून साहेबाला फोन करावा लागला तर ते अपडेट फसलं असं धरा.

तेच असं लिहिता आलं असतं:

"सर, ६० पिशव्या लागतात, उद्याच्या एसटीनं पाठवता का? २० च उरल्या, परवा दुपारी संपतील, मंग काम बंद.
आजपर्यंत ४४ नमुने (पाहिजे होते ४८). अवकाळीनं दोन गावचे पांधण रस्ते चिखलात, ती गावं शेवटी घेतो.
उद्या रोडलगतच्या वावरातले १२."

मागणी सगळ्यात वर, कारण नोटिफिकेशनमध्ये पहिली एक-दोन ओळच दिसते आणि साहेब तेवढंच पाहतो बाप्पा. ६० कुठून आले? राहिले ७६ नमुने, हाती २० पिशव्या, म्हणजे ५६ कमी, चार फाटक्या निघतील म्हणून जास्तीच्या. साहेबाला हिशोब करत बसावं लागत नाही, फक्त हो किंवा नाही.

अन् चिखल खाली काऊन? तो त्याचा त्यानंच सोडवला, गावांची पाळी बदलून. जे स्वतःच्या हातानं सुटते ती नुसती माहिती, आणि जे दुसऱ्यानं काही दिल्याशिवाय सुटत नाही तीच खरी अडचण. दोन्ही एकाच सुरात लिहिल्या की साहेब पावसाबद्दल दोन शब्द बोलतो आणि पिशव्या विसरतो. अडचणीत काय पाहिजे, कधीपर्यंत आणि नाही मिळालं तर काय थांबते, एवढं आलंच पाहिजे. उत्तर नाही आलं तर दुसऱ्या दिवशी तीच ओळ पुन्हा वर, "दुसरा दिवस" असं लिहून, त्यात लाजायचं काही नाही.

"८० टक्के झालं" हे सगळ्यात फसवं, तीन दिवस ८० च राहते. मोजता येते तिथं आकडाच द्यावा, आणि मागं पडलो असलो तर ४४ च्या बाजूला ४८ लिहायचेच, नाहीतर नवव्या दिवशी एकदम उघडं पडते. ज्या दिवशी कामच झालं नाही त्या दिवशीही "आज ०, दिवसभर पाऊस, माती ओली" एवढं जाते. गाडी घसरली, कोणाला लागलं, असं असलं तर मात्र मेसेज नाही, सरळ फोन.