पीएच नॉर्मल, तरी रक्तात दोन बिघाड

"पीएच नॉर्मल आला म्हणजे ॲसिड-बेस ठीक, पुढं बघायला नको."

बघायला हवं. बेळगावात परीक्षेच्या सरावाला मी नेहमी हेच उदाहरण देतो. खानापूरकडचे काका, किडनीचा जुना आजार, तीन दिवस उलट्या. पीएच 7.36, कार्बन डायऑक्साइड 36, बायकार्बोनेट 20, सोडियम 140, क्लोराइड 94. वरवर पाहता घाबरण्यासारखं काही नाही.

आता वजाबाकी करा: 140 - (94 + 20) = 26. हा ॲनायन गॅप. नॉर्मल साधारण 12 धरला, तर 14 जास्त. पीएच काहीही म्हणो, रक्तात ॲसिड साठलंय. मग बायकार्बोनेटही 24 वरून तेवढंच उतरायला हवं होतं. उतरलंय फक्त 4. डेल्टा रेशो 14 ÷ 4 = 3.5. तो 2 च्या वर गेला की दुसरा बिघाड शोधायचा, बहुधा मेटाबॉलिक अल्कलोसिस. इथं उलट्यांतून पोटातलं ॲसिड गेलं, आणि दोन्ही बिघाडांनी एकमेकांना झाकलं.

गॅप किडनीमुळंच वाढला, असं मात्र लगेच लिहू नका. क्रिएटिनिनसोबत लॅक्टेट आणि कीटोनही बघा. अल्ब्युमिन तर बघाच: ते 4 च्या खाली जितकं जाईल, तितक्या प्रत्येक ग्रॅममागे गॅपमध्ये 2.5 मिळवायचे. लघवीतून प्रथिनं जाणाऱ्या पेशंटमध्ये हे विसरलं, तर वाढलेला गॅपही नॉर्मल दिसतो.