थ्री-पिन की फाइव-पिन? हॉट-स्वॅप कीबोर्डचे स्विच मागवण्याआधी हे बघा

हॉट-स्वॅप कीबोर्ड, म्हणजे ज्याच्या प्रत्येक कीखालचा स्विच काढून बदलता येतो असा, घेतला की पहिला घोळ इथेच होतो, बोर्डाच्या माहितीत थ्री-पिन लिहिलेलं असतं आणि नेमके आवडलेले स्विच निघतात फाइव-पिन, मग वाटतं आता दोन कनेक्शन कमी पडणार. तसं काही नाहीये. नेहमीच्या एमएक्स टाइपच्या स्विचला करंटसाठी धातूच्या पिना दोनच असतात, दोन्ही प्रकारांत. थ्री-पिनमधली तिसरी म्हणजे मधला जाड प्लास्टिकचा खुंट, आणि फाइव-पिनला त्याच्या दोन बाजूंना आणखी दोन बारीक प्लास्टिकचे पाय, जे फक्त स्विच सरळ बसावा म्हणून दिलेत.

त्यामुळे थ्री-पिन स्विच फाइव-पिन बोर्डात आरामात बसतो, वरची प्लेट त्याला धरून ठेवते. उलट करायचं तर ते दोन बारीक पाय फ्लश कटरने बुडापासून सपाट कापायचे, कटर नसेल तर नेलकटरनेही होतं, फक्त धातूच्या पिनांना धक्का लावू नका. मात्र प्लेट नसलेल्या बोर्डासाठी पाय कापू नका, तिथे स्विचला आधार त्यांचाच असतो.

आता बदलायचं कसं. आधी केबल काढा, वायरलेस असेल तर कीबोर्ड बंद करा, कारण हॉट-स्वॅप म्हणजे चालू कीबोर्डात बदलणं नव्हे, सोल्डरिंग न करता बदलणं. मग तारेच्या कीकॅप पुलरने कीकॅप काढा. स्विचसाठी चिमट्यासारखा वेगळा पुलर लागतो, त्याची टोकं स्विचच्या वरच्या आणि खालच्या कडेला लावायची, डाव्या-उजव्या नाही, कारण प्लेटमध्ये अडकणाऱ्या खाचा तिथेच असतात. दाबून धरा आणि सरळ वर ओढा.

नवीन स्विच घालताना पिना आधी डोळ्यासमोर धरून बघाच, वाकडी असेल तर बारीक चिमट्याने सरळ करा. समजा सगळे बदलले आणि 'E' उमटतच नाहीये. स्विच बाहेर काढा, बहुतेक वेळा एक पिन सॉकेटमध्ये न जाता खाली दुमडलेली दिसते. पिना ठीक असतील तर केबल लावून धातूच्या चिमट्याने त्या सॉकेटची दोन्ही भोकं क्षणभर जोडा, 'E' उमटला तर दोष स्विचचा. नाहीच उमटला तर बोर्ड उघडून खालून बघा, जोरात दाबल्यामुळे सॉकेट आतल्या सर्किट बोर्डवरून, म्हणजे पीसीबीवरून, सुटलेलं असू शकतं, आणि मग मात्र सोल्डरिंग आयर्न काढावंच लागतं. म्हणून केस उघडलेली असेल तेव्हा स्विच दाबताना सॉकेटला खालून बोटाने आधार द्या.