ठिणगी तोडतानाच का पडते? आर-एल सर्किटमधल्या ‘झीरो प्लस’ची पार्श्वभूमी

अंबडच्या एका छोट्या पॅनेल वर्कशॉपमध्ये डीसी कॉन्टॅक्टर, म्हणजे कॉइलच्या चुंबकाने ओढला जाणारा स्विच, खडखडत होता. बटण दाबलं की आत ओढला जायचा, लगेच सुटायचा, पुन्हा ओढला जायचा, आणि हे सेकंदात कितीतरी वेळा. ऑक्झिलरी कॉन्टॅक्ट काळा पडला म्हणून पोरांनी तो दोनदा बदलून पाहिला. सप्लाय मोजला तर 24 व्होल्ट चोख. डिप्लोमाच्या तिसऱ्या वर्षातला एक मुलगा तिथे ट्रेनिंगला होता. त्याने मला विचारलं, “सर, सप्लाय 24 चा आहे, मग या बारक्या कॉन्टॅक्टवर एवढी ठिणगी कशी?” त्याच्या वहीत `i(0+) = i(0−)` लिहिलेलं होतं, अधोरेखित करून: स्विच हलवण्याच्या लगेच आधी कॉइलमध्ये जो करंट, तोच लगेच नंतरच्या क्षणालाही. पण ते समीकरण आणि ती ठिणगी यांचा एकमेकांशी काही संबंध असेल असं त्याला वाटलं नव्हतं.

खरं तर ठिणगी आधीची आहे, समीकरण नंतरचं.

1832 साली अमेरिकेत जोसेफ हेन्रीने एक साधी गोष्ट नोंदवली. छोट्या बॅटरीची दोन टोकं पाऱ्याच्या वाट्यांत सोडलेली. वाट्यांमध्ये फूटभर लांबीची तांब्याची तार टाकली तर जोडताना ठिणगी नाही, काढतानाही नाही. तीच तार तीस-चाळीस फूट लांब घेतली तर जोडताना तरीही काही दिसत नाही, पण एक टोक पाऱ्यातून बाहेर काढलं की लख्ख ठिणगी. तारेची गुंडाळी केली तर परिणाम आणखी वाढतो. पाऱ्याची वाटी म्हणजे त्या काळचा स्विच. बॅटरी तीच, तार तीच. मग जोडणं आणि तोडणं यांत फरक का? आज आपण ‘स्विचच्या आधी करंट किती होता?’ असं विचारतो, तो प्रश्न इथेच दडलेला आहे. जोडण्याआधी तारेत काही नव्हतं. तोडण्याआधी होतं.

दोन वर्षांनी विल्यम जेन्किन नावाच्या गृहस्थाने मायकेल फॅराडेला असंच काहीसं सांगितलं: इलेक्ट्रोमॅग्नेटची गुंडाळी बॅटरीपासून सोडवताना हाताला झटका बसतो, एकाच सेलची बॅटरी असली तरी. फॅराडेने त्यावर प्रयोग केले आणि 1835 च्या जानेवारीत रॉयल सोसायटीपुढे निबंध मांडला. त्यातला एक विचार मला फार आवडतो, कारण तो आधी चुकल्यासारखा दिसतो. फॅराडे म्हणतो की पहिल्यांदा मनात येतं ते हे, की तारेतल्या विजेला जडत्वासारखं काही असावं, चालत्या गाड्यासारखं. आणि लगेच तो ही कल्पना बाजूला सारतो. कारण तेवढीच तार सरळ पसरली तर परिणाम थोडा, गुंडाळली तर खूप. जडत्व तारेतल्या विजेचं असतं तर तार कशीही ठेवली तरी ते तेवढंच राहायला हवं होतं.

आकडे आले ते हर्मान हेल्महोल्ट्झकडून, आणि तेही शरीरशास्त्राच्या वाटेने. क्योनिग्सबर्गमध्ये तो बेडकाच्या मज्जातंतूतून संदेश किती वेगाने जातो हे मोजत होता. झटका द्यायला इंडक्शन कॉइल वापरायचा आणि वेळ मोजायचा मिलिसेकंदांत. मग प्रश्न उभा राहिला की खुद्द कॉइलमधला करंट चढायला-उतरायला किती वेळ घेतो? तो माहीत नसेल तर मज्जातंतूचा वेळ वेगळा काढणार कसा? 1851 च्या निबंधात त्याने जे सूत्र दिलं ते आपण आजही दुसऱ्या वर्षात लिहितो:

```
i(t) = (E/R)·(1 − e^(−R·t/L))
```

इथे `E` म्हणजे सप्लायचं व्होल्टेज, `R` रेझिस्टन्स आणि `L` कॉइलचा इंडक्टन्स. या सूत्रातला `L/R` म्हणजे टाइम कॉन्स्टंट. तेवढ्या वेळात करंट अंतिम किमतीच्या सुमारे 63 टक्क्यांपर्यंत पोचतो, आणि त्याच्या पाचपट वेळात व्यवहारापुरता पूर्ण.

जडत्वाची फॅराडेने सोडून दिलेली कल्पना पुढे जेम्स क्लर्क मॅक्सवेलने परत आणली, पण जागा बदलून. 1865 च्या निबंधात तो म्हणतो की संवेग आहे, मात्र तारेतल्या विजेचा नाही, भोवतालच्या चुंबकीय क्षेत्राचा. तार गुंडाळली की क्षेत्र बदलतं, म्हणून संवेगही बदलतो. फॅराडेचा आक्षेप आपोआप मिटला. हा संवेग म्हणजे `L·i`. वजनदार चाक जसं एका क्षणात थांबत नाही, थांबवायचंच तर अमर्याद जोर लागेल, तसंच हे. `v = L·di/dt` मध्ये करंटने शून्य वेळात उडी मारायची तर व्होल्टेज अमर्याद हवं. ते मिळत नाही, म्हणून करंट उडी मारत नाही. वहीतल्या अधोरेखित ओळीचा अर्थ एवढाच. ‘इंडक्टन्स’ हा शब्द मात्र त्यानंतरचा, 1886 चा, ऑलिव्हर हेविसाइडने रूढ केलेला. टेलिग्राफच्या तारांचा विचार करताना ‘शून्य होतं, एकदम एक झालं’ अशा पायरीसारख्या व्होल्टेजचं गणित त्यानेच हाताळायला सोपं केलं. आपला ‘स्टेप’ तिथून आला. त्याच्या पद्धतीत सर्किट आधी निवांत आहे हे सहसा गृहीत असायचं. आधीपासून वाहणारा करंट हिशेबात सहज बसवायची सोय लाप्लास रूपांतर विद्युतशास्त्रात रुळलं तेव्हा झाली, आणि त्याबरोबर ‘झीरो मायनस की झीरो प्लस?’ हा परीक्षेतला घोळही आला.

आता तो कॉन्टॅक्टर. त्याची रचना जुनीच पण हुशार. कोअर दूर असताना ओढायला जास्त करंट लागतो, एकदा चिकटला की धरून ठेवायला थोडा पुरतो. म्हणून कॉइलच्या सिरीजमध्ये एक रेझिस्टर असतो, ज्याला इकॉनॉमी रेझिस्टर म्हणतात, आणि त्याच्यावर आडवा एक नॉर्मली क्लोज्ड ऑक्झिलरी कॉन्टॅक्ट. सुरुवातीला हा कॉन्टॅक्ट रेझिस्टरला शॉर्ट करून ठेवतो. कॉन्टॅक्टर आत ओढला गेला की अगदी शेवटी तो उघडतो आणि रेझिस्टर सर्किटमध्ये येतो.

हिशेबाला सोपे आकडे घेऊ: कॉइलचा रेझिस्टन्स 48 ओहम, इंडक्टन्स 0.6 हेन्री, इकॉनॉमी रेझिस्टर 72 ओहम, सप्लाय 24 व्होल्ट.

बटण दाबलं. आधी करंट शून्य, म्हणून नंतरच्या क्षणालाही शून्य. रेझिस्टन्सवर काहीच पडत नाही, पूर्ण 24 व्होल्ट इंडक्टन्सवर. करंट चढायला लागतो तो सेकंदाला 24/0.6, म्हणजे 40 अँपिअरच्या वेगाने. टाइम कॉन्स्टंट 0.6/48, म्हणजे 12.5 मिलिसेकंद. शेवटी 0.5 अँपिअर. हेन्रीला जोडताना ठिणगी का दिसली नाही ते इथे कळतं: संपर्क जुळतो तेव्हा करंट मुळात शून्यच असतो.

करंट 0.5 वर स्थिरावल्यावर ऑक्झिलरी कॉन्टॅक्ट उघडला असं धरू. इथे बहुतेक मुलं चुकतात. ती म्हणतात, आता एकूण 120 ओहम, म्हणून करंट 0.2. बरोबर, पण तो शेवटचा. उघडल्याच्या पुढच्या क्षणाला करंट 0.5 च आहे, आणि त्याला आता 72 ओहममधूनच जायचंय. म्हणजे रेझिस्टरवर 36 व्होल्ट. सप्लाय 24 चा!

ट्रेनिंगच्या मुलाने मान हलवली. “नाही सर, किरचॉफ बसत नाही.”

बसतो. लूप लिहा:

```
v_L(0+) = 24 − 0.5·(48 + 72) = −36 V
di/dt(0+) = −36 / 0.6 = −60 A/s
i(t) = 0.2 + 0.3·e^(−t/0.005)
```

कॉइलच्या तारेत 24 व्होल्ट पडतायत, इंडक्टन्सवर उलट दिशेने 36. म्हणजे कॉइलच्या दोन टर्मिनलवर मिळून उणे 12. क्षणापूर्वी तिथे अधिक 24 होते. व्होल्टेजने 36 ची उडी मारली, करंटने तसूभरही नाही. टाइम कॉन्स्टंटही बदलला, 0.6/120 म्हणजे 5 मिलिसेकंद. उत्तर तपासायची सोपी युक्ती अशी: शेवटच्या सूत्रात t शून्य घातलं की 0.5 यायला हवा आणि उताराचा वेग उणे 60. दोन्ही जुळतात. रेझिस्टरवरचं 0− चं व्होल्टेज, म्हणजे शून्य, कोणी 0+ ला तसंच उचललं तर हा मेळ बसत नाही आणि चूक तिथेच पकडता येते. 0− वरून पुढे न्यायचा तो फक्त कॉइलचा करंट. बाकी सगळं 0+ च्या सर्किटमध्ये कॉइलच्या जागी तेवढ्या करंटचा सोर्स ठेवून नव्याने काढायचं.

मग ठिणगी? समजा 72 ओहमचा रेझिस्टर जळून उघडा पडलाय. कॉन्टॅक्ट उघडताना 0.5 अँपिअरला वाटच नाही. वाटेत 10 हजार ओहम असते तर कागदावर 5000 व्होल्ट आले असते. प्रत्यक्षात तेवढे येत नाहीत. त्याआधीच उघडणाऱ्या फटीत आर्क पेटतो आणि करंटला वाट देतो, काही भाग वळशांमधली कपॅसिटन्सही झेलते. जेन्किनला बसलेला झटका हाच. फक्त त्याच्या वेळी ती वाट त्याच्या हातांतून जात होती.

आर्क विझला की करंट शून्य, कॉन्टॅक्टर सुटतो, ऑक्झिलरी पुन्हा जुळतो, पुन्हा ओढतो. खडखडाट तो हाच. पोरांनी रेझिस्टर तपासला नव्हता असं नाही. मीटर लावून पाहिला होता, शून्य ओहम दाखवलं, म्हणून ‘शॉर्ट नाही ना झाला?’ अशी शंका घेऊन पुन्हा सोडून दिला होता. बंद अवस्थेत ऑक्झिलरी कॉन्टॅक्टच त्याच्यावर आडवा असतो, मीटर त्यालाच मोजतो. रेझिस्टरची एक वायर सोडून मोजलं तेव्हा मीटरवर ओएल आलं. रेझिस्टर बदलला, तिसरा ऑक्झिलरी टाकला, खडखडाट गेला.

नंतर त्या मुलाने सिरीजमध्ये एक ओहमचा रेझिस्टर टाकून स्कोपवर करंट पाहिला आणि लगेच हाक मारली. चढत्या रेषेत मध्येच एक खळगा होता, हेल्महोल्ट्झच्या सूत्रात नसलेला. कोअर हलतो तेव्हा फट मिटते आणि `L` वाढतो. जपला जातो तो मुळात `L·i`, एकटा करंट नव्हे; `L` झपाट्याने वाढला तर करंट थोडा खाली येतो आणि कोअर थांबल्यावर पुन्हा चढतो. खळगा दिसला म्हणजे कोअर खरंच ओढला गेला. कोअर अडकलेल्या कॉन्टॅक्टरमध्ये रेषा अगदी पुस्तकातल्यासारखी गुळगुळीत येते.