पेरी मेसनचा ‘तो’ भाग निकालावरून कसा ओळखायचा

‘मेसन हरला होता तो भाग कुठला?’ जुन्या कोर्टमालिकांचे चाहते भेटले की हा प्रश्न निघतोच. ‘पेरी मेसन’ ही जुनी अमेरिकी टीव्ही मालिका, आणि तिचा नायक मेसन हा सहसा न हरणारा बचाव पक्षाचा वकील. म्हणून या प्रश्नाचं उत्तर मालिकेच्या घडणीत आहे.

मेसनचे लेखक अर्ल स्टॅनली गार्डनर स्वतः कॅलिफोर्नियात वकिली करत होते. पेरी मेसनची त्यांची पहिली कादंबरी 1933 साली आली आणि 1957 ते 1966 या काळात सीबीएस या अमेरिकी वाहिनीवर रेमंड बर यांनी मेसन साकारला. समोर सरकारी वकील हॅमिल्टन बर्गर, म्हणजे विल्यम टालमन. बहुतेक भागांत कोर्टात जे चालतं तो मुख्य खटला नसतोच, ती असते प्राथमिक सुनावणी. आरोपीवर खटला चालवण्याइतका पुरावा आहे का, एवढंच न्यायाधीश तिथे पाहतात, ज्यूरी नसते. आपल्याकडेही 1973 ची फौजदारी प्रक्रिया संहिता येण्याआधी खटला सेशन्सकडे पाठवण्यापूर्वी मॅजिस्ट्रेटपुढे अशी चौकशी व्हायची. मेसन याच टप्प्यावर उलटतपासणीत खरा खुनी उघडा पाडतो, त्यामुळे निकालापर्यंत गोष्ट जातच नाही.

म्हणूनच ‘साक्षीदार पिंजऱ्यात कोसळला आणि त्याने गुन्हा कबूल केला’ एवढ्या आठवणीवरून भाग सापडत नाही. असे भाग ढिगाने आहेत. न्यायाधीशाच्या चेहऱ्याचाही उपयोग नाही, कारण केनेथ मॅकडोनाल्डसारखे नट वर्षानुवर्षं त्याच खुर्चीत दिसतात. पण ज्यूरीने ‘दोषी’ म्हटलेलं आठवत असेल, तर शोध फार लवकर संपतो.

मग एकच विचारायचं: निकाल सुरुवातीला होता की शेवटी? सुरुवातीलाच अशिलाला दोषी ठरवलं असेल, तर तो 1963 चा ‘द केस ऑफ द डेडली व्हर्डिक्ट’. तिथे मृत्युदंडाची तारीख जवळ येत असते आणि मेसनची धावपळ निकालानंतर सुरू होते. बरच्या चेहऱ्यावरचा तो हादरा मला सगळ्या मालिकेत सर्वांत खरा वाटतो. आणि शेवटाकडे ज्यूरीने दोषी ठरवलं असेल, तर तो 1958 चा ‘द केस ऑफ द टेरिफाइड टायपिस्ट’. त्यात निकालानंतर कळतं, की आरोपी म्हणून बसलेला माणूस तोतया आहे. मेसनने ज्याचं वकीलपत्र घेतलं असं समजलं जात होतं, तो हा नव्हेच. त्यामुळे हा पराभव मेसनच्या खात्यावर धरायचा की नाही, यावर चाहते आजही भांडतात. माझ्या मते धरू नये. ‘डेडली व्हर्डिक्ट’मधला मात्र धरावाच लागतो, कारण तिथे खरी अशील निर्दोष असूनही तो ज्यूरीपुढे हरला.

न्यायाधीशाचा चेहरा उपयोगी पडतो तो एका भागात: 1966 च्या शेवटच्या भागात न्यायासनावर खुद्द गार्डनर बसले आहेत.