आयसोब्युटेन : फ्रिजमधील शीतक आणि जुन्या फ्रिजची विल्हेवाट

आयसोब्युटेन (C4H10) हा आजच्या बहुतेक घरगुती फ्रिजमध्ये शीतक म्हणून भरलेला हायड्रोकार्बन वायू. फ्रिजच्या पाटीवर किंवा कॉम्प्रेसरवर त्याचे नाव R600a असे छापलेले असते, त्यासोबत ग्रॅममध्ये वजन आणि पिवळ्या त्रिकोणात ज्वाळेची खूण असते. पूर्वीच्या आर-१२ या शीतकाने ओझोनच्या थराची हानी होई. त्याच्या जागी आलेल्या आर-१३४ए ची तापमानवाढीची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४३० पट आहे. आयसोब्युटेनमध्ये हे दोन्ही दोष जवळजवळ नाहीत. तो पेट घेतो, एवढाच त्याचा मोठा दोष.

घरगुती फ्रिजमध्ये तो साधारण २० ते ७० ग्रॅम असतो. स्वयंपाकाच्या सिलिंडरमधल्या १४.२ किलो गॅसपुढे हे काहीच नाही, म्हणून लोक निर्धास्त राहतात. पण धोका नुसत्या वजनाचा नसून वायू किती जागेत साठतो याचा आहे. हवेत त्याचे प्रमाण सुमारे १.८ ते ८.४ टक्के असेल तेव्हाच मिश्रण पेटते. १.८ टक्के म्हणजे एका घनमीटरला सुमारे ४३ ग्रॅम.

१९० लिटरच्या फ्रिजमध्ये ४० ग्रॅम वायू आहे असे धरू. दहा बाय आठ फुटांच्या, दहा फूट उंचीच्या स्वयंपाकघरात तो सगळा सुटून नीट पसरला, तर प्रमाण पेटण्याच्या मर्यादेच्या विसाव्या भागाहूनही कमी राहते. हीच गळती बंद दाराच्या फ्रिजच्या आत झाली तर मात्र जेमतेम ८ ग्रॅम पुरतात. थर्मोस्टॅटची किंवा दिव्याच्या बटणाची एक ठिणगी पडली की दार उडू शकते. म्हणूनच या फ्रिजमधले थर्मोस्टॅट आणि कॉम्प्रेसर सुरू करून देणारे स्टार्टिंग रिले बंदिस्त किंवा ठिणगी न पडणारे असतात. दुरुस्तीत त्यांच्या जागी स्वस्तातला उघडा रिले बसवणे म्हणजे कारखान्याने घेतलेली काळजी काढून टाकणे होय. शिवाय हा वायू हवेच्या दुप्पट जड असल्याने तळाशी, खड्ड्यात किंवा गटारात साचतो. सिलिंडरच्या गॅसमध्ये मुद्दाम घातलेला उग्र वास यात नसतो. गळती नाकाला कळत नाही.

ती कळते बर्फावरून. कॉम्प्रेसर न थांबता चालतो, हात लावला तर चटका बसावा इतका तापतो, आणि फ्रीझरच्या नळीच्या सुरुवातीच्या थोड्याच भागावर बर्फ धरतो, बाकीची कोरडी राहते. चालू फ्रिजच्या फ्रीझरकडील बाजूला दाब हवेपेक्षा कमी असतो. तिथे भोक पडले तर वायू बाहेर येण्याऐवजी आधी बाहेरची हवा आणि ओल आत ओढली जाते. अशा फ्रिजमध्ये नुसता ‘गॅस भरून’ काम भागत नाही.

जुना फ्रिज भंगारात काढताना सर्वांत घातक क्षण नळी कापण्याचा. तांब्यासाठी आणि कॉम्प्रेसरसाठी गॅस कटर लावला की ज्वाळा आणि वायू एकत्र येतात. वायू सोडून दिल्यावरही काही भाग कॉम्प्रेसरच्या तेलात विरघळून राहतो आणि तेल तापले की पुन्हा सुटतो. जाणकार तंत्रज्ञ नळीला भोक पाडणारा पियर्सिंग व्हॉल्व्ह लावून वायू ज्वलनशील वायूंसाठीच्या यंत्राने काढतो किंवा नळीने उघड्यावर, गटार आणि ज्वाळेपासून दूर सोडतो, मग नळ्या आतून नायट्रोजनने धुतो आणि नळी ट्यूब कटरने कापतो. हे काम घरी करू नये.

घरच्यांनी एवढेच करावे: प्लग काढावा, वायर गुंडाळावी, फ्रिज उभाच ठेवावा, मागची जाळी कशालाही आपटू देऊ नये. दार काढून टाकावे किंवा दोरीने घट्ट बांधावे. लहान मूल आत शिरून दार लागले तर ते गुदमरते.

कोल्हापुरात २०१९ आणि २०२१ च्या महापुरात पाण्यात गेलेल्या फ्रिजबाबत ही काळजी अधिक लागते. पंचगंगेचा गाळ बसलेल्या पोलादी नळ्या गंजून काही महिन्यांनी गळतात. त्यामुळे बुडालेला फ्रिज वाळला म्हणून प्लगला लावू नये.

ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. त्यांनुसार वापर संपलेल्या फ्रिजच्या पुनर्चक्रणाची जबाबदारी उत्पादकावर येते, त्यामुळे आधी कंपनीच्या ग्राहक केंद्राकडे विचारावे. नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्यांची माहिती महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे मिळते. मंडळाचे प्रादेशिक कार्यालय कोल्हापुरात आहे. नवा फ्रिज घेताना जुना बदल्यात दिला, तर तो पुढे कुठे जातो हे दुकानदाराला विचारून पावतीवर लिहून घ्यावे. फेरीवाल्या भंगारवाल्याला द्यायचाच नाही, कारण त्याच्याकडे वायू काढण्याचे साधन नसते आणि भिंतींतला फोमही बऱ्याचदा सायक्लोपेंटेन या दुसऱ्या ज्वलनशील द्रव्याने फुगवलेला असतो.